पाऊल बारीक केलं आणि पसारा नाहीसा झाला: पिठ्या ढेकणाच्या वाढीच्या सिम्युलेशनचं एक प्रकरण

नाशिक जिल्ह्यात द्राक्षाची फळछाटणी ऑक्टोबरच्या सुमारास होते आणि जानेवारीपासून माल निघू लागतो. मधल्या काळात, मणी फुगून त्यात गोडी उतरू लागली की पिठ्या ढेकूण खोडाच्या सालीखालून घडांकडे सरकतो. त्याच्या चिकट स्रावावर काळी बुरशी धरते आणि असा घड निर्यातीला चालत नाही. म्हणून आज थोडीच कीड दिसत असली, तरी महिन्याभरात ती किती होईल हा प्रश्न बागाईतदाराला फार आधी पडतो.

आमच्या महाविद्यालयातल्या एम.एस्सी. गणिताच्या एका विद्यार्थिनीनं प्रकल्पासाठी हाच प्रश्न घेतला. ती मूळची दिंडोरी तालुक्यातली, घरची बाग. खुणा केलेल्या ठरावीक वेलींवरची कीड दर आठवड्याला मोजून तिचे वडील वहीत मांडत होते. तिनं प्रश्न असा बांधला: आज या वेलींवर मिळून ५० किडी असतील आणि काहीच उपाय केला नाही, तर ३० दिवसांनी त्या २,००० च्या वर जाण्याची शक्यता किती? २,००० हा आकडा प्रकल्पापुरता धरलेला होता, फवारणीची कुठली अधिकृत मर्यादा नव्हे.

वाढीचं समीकरण साधं होतं. वहीतल्या नोंदींवरून वाढीचा दर दिवसाला ०.१० च्या आसपास येत होता, म्हणजे सुमारे सात दिवसांत संख्या दुप्पट. पण हा दर रोज सारखा राहत नाही. थंडी अचानक वाढते, एखाद्या दिवशी ढगाळ हवा असते, मुंग्या किडीला राखतात, क्रिप्टोलिमससारखे भुंगेरे तिला खातात. या सगळ्याचा हिशोब वेगवेगळा मांडण्याऐवजी दरातच यादृच्छिक हेलकावा घातला की समीकरण असं होतं:

```
dN = r*N*dt + s*N*dW
```

`N` म्हणजे किडींची संख्या, `r` सरासरी वाढदर, `s` हेलकाव्याची तीव्रता आणि `dW` म्हणजे वीनर प्रक्रियेची, स्वतंत्र यादृच्छिक धक्के साचत जाणाऱ्या प्रक्रियेची, त्या छोट्याशा काळातली वाढ. `s` ची किंमत वहीतूनच काढली होती. लागोपाठच्या दोन आठवड्यांच्या संख्यांचं गुणोत्तर घ्यायचं, त्याचा नैसर्गिक लॉग घ्यायचा आणि अशा सगळ्या लॉगचं प्रमाण विचलन काढायचं. ते ०.५३ आलं. हा आठवड्याचा हेलकावा झाला. दिवसाचा काढण्यासाठी त्याला सातच्या वर्गमुळानं भागलं, तेव्हा `s` ०.२० मिळाला. हा भागाकार लक्षात ठेवावा, कारण पुढची सगळी गडबड त्याच्याशी बांधलेली आहे.

तिच्या प्रोग्रामचा गाभा असा होता:

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng(11)
r, s, T, N0, M = 0.10, 0.20, 30.0, 50.0, 5000

def chalav(dt):
    N = np.full(M, N0)
    for k in range(round(T/dt)):
        Z = rng.standard_normal(M)
        N = N + r*N*dt + s*N*dt*Z
    return N
```

एकाच वेळी ५,००० काल्पनिक बागा. प्रत्येक पावलाला आधीच्या संख्येत ठरलेली वाढ मिळवायची आणि त्यावर एक यादृच्छिक भर टाकायची. आधी तिनं `dt` एक दिवस ठेवला. निकाल वहीशी जुळणारा वाटला: बागांचा मध्यक ५१८ च्या आसपास आणि शेवटच्या संख्यांच्या लॉगचं प्रमाण विचलन १.०४. आलेखात पंख्यासारखा पसरलेला रेषांचा जुडगा दिसत होता. काही रेषा शंभराच्या खाली राहिल्या होत्या, काही तीन हजारांवर गेल्या होत्या.

मग तिनं शिकवल्याप्रमाणे पाऊल बारीक केलं. `dt` ०.१ केल्यावर पंखा एकदम मिटत आला. लॉगचं प्रमाण विचलन ०.३४ वर उतरलं आणि मध्यक ९३० च्या पुढे गेला. `dt` ०.०१ केल्यावर सगळ्या बागा जवळजवळ एकाच रेषेवर आल्या. विचलन ०.११, मध्यक हजाराला टेकलेला, आणि २,००० च्या वर जाणारी बाग पाच हजारांत एकही नाही.

तिनं काढलेला निष्कर्ष नीट ऐकण्यासारखा होता. "सर, पसारा दिसत होता तो पाऊल मोठं असल्यामुळे. बारीक केल्यावर खरं उत्तर आलं, सगळ्या बागा हजाराजवळ थांबतात."

साध्या विकलक समीकरणांपुरता हा तर्क बरोबर आहे. ऑयलरच्या पद्धतीत पाऊल लहान केलं की चूक लहान होते, आणि लहान पावलाला जे दिसेनासं होतं ते मोठ्या पावलामुळे आलेलं होतं असं आपण वर्गात शिकवतोच. शिवाय तिच्याकडे आणखी एक आधार होता. ५,००० बागांची सरासरी तिनं प्रत्येक वेळी तपासली होती. हेलकावा नसता तर उत्तर `50*exp(3)`, म्हणजे १,००४ यायला हवं, आणि यादृच्छिक समीकरणातही सरासरी इतकीच असते. तिची सरासरी पावलागणिक ८७२, ९८९, १,००३ या आकड्यांच्या आजूबाजूला येत सूत्राकडे सरकत होती. तपासणी पास झाली, पाऊल बारीक आहे, मग शंका कशाची घ्यायची?

शंका घ्यायची ती एका साध्या गोष्टीची. `s` हा आपण समीकरणात घातलेला आकडा आहे, वहीतून काढलेला. `dt` हा संगणकाच्या सोयीचा आकडा आहे, बागेला त्याचा पत्ता नाही. मग ३० दिवसांनंतरचा पसारा `dt` वर अवलंबून कसा? पाऊल बारीक करताना उत्तर कुठल्यातरी आकड्यावर स्थिरावलं पाहिजे. इथे विचलन १.०४ वरून ०.३४, तिथून ०.११ असं प्रत्येक वेळी सुमारे तिप्पटीनं घसरत होतं, आणि ते थांबण्याचं चिन्ह नव्हतं. `dt` ०.००१ केला असता तर ते ०.०३५ झालं असतं. स्थिरावणं निराळं आणि शून्याकडे सरकत राहणं निराळं. आलेख पाहून हा फरक कळत नाही. तीन पावलांचे तीन आकडे ओळीनं मांडले की कळतो.

तिप्पटीचं कारणही आकड्यातच आहे. एक दिवस शंभर तुकड्यांत चिरला तर प्रत्येक तुकड्यातला धक्का स्वतंत्र असतो. स्वतंत्र धक्के एकत्र येतात तेव्हा त्यांच्या व्हेरिअन्सची, म्हणजे प्रमाण विचलनांच्या वर्गांची बेरीज होते, प्रमाण विचलनांची नाही. दिवसाचा व्हेरिअन्स एक असेल तर शंभर तुकड्यांतल्या प्रत्येकाचा एक शतांश हवा, म्हणजे प्रत्येक धक्क्याचं प्रमाण विचलन एक दशांश. तिच्या प्रोग्राममध्ये धक्क्याला `dt` नं गुणलं होतं, तेव्हा प्रत्येक तुकड्याचं विचलनच एक शतांश झालं आणि व्हेरिअन्स दहा हजारावा भाग. असे शंभर मिळवले तरी दिवसाचा व्हेरिअन्स एक शतांशच भरतो. धक्के एकमेकांना खोडत जातात आणि उरलेला थोडासा हेलकावा पाऊल बारीक करताच आणखी पातळ होतो. पाऊल दसपट लहान केलं की व्हेरिअन्स दसपट घटतो आणि विचलन दहाच्या वर्गमुळानं, म्हणजे सुमारे ३.१६ पट. तिला दिसलेली घसरण हीच होती.

म्हणून ओळ अशी हवी:

```python
        N = N + r*N*dt + s*N*np.sqrt(dt)*Z
```

ठरलेल्या वाढीला `dt`, यादृच्छिक भरीला `dt` चं वर्गमूळ. या कृतीला ऑयलर–मारुयामा पद्धत म्हणतात. गिसिरो मारुयामा या जपानी गणितज्ञानं १९५५ मध्ये तिचा गणिती पाया घातला.

चूक इतके दिवस लपली कशी, हे मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचं वाटतं. पहिलं कारण, `dt` एक असताना त्याचं वर्गमूळही एकच. एका दिवसाच्या पावलानं चुकीची ओळ आणि बरोबर ओळ अक्षरशः तेच आकडे देतात. वहीशी जुळलेला पहिला निकाल खरोखर बरोबर होता, आणि त्यामुळेच त्या ओळीवर विश्वास बसला. दुसरं कारण सरासरी. यादृच्छिक भरीची स्वतःची सरासरी शून्य असते, म्हणून तिला `dt` नं गुणा, वर्गमुळानं गुणा किंवा कशानंही, सूत्रातली `N` ची सरासरी हलत नाही. सरासरीची तपासणी या चुकीसाठी आंधळी आहे. तिसरं कारण म्हणजे तो भागाकार. आठवड्याचा हेलकावा दिवसावर आणताना तिनं सातच्या वर्गमुळानं भागलं होतं, कारण ते सूत्र म्हणून दिलं होतं. प्रोग्राम लिहिताना मात्र दिवसाचा हेलकावा पावलावर आणायची कृती पूर्ण `dt` नं केली. दोन्ही कृती एकच आहेत, पण एक कागदावर झाली आणि दुसरी फाइलमध्ये, म्हणून विसंगती डोळ्यांसमोर आली नाही.

एककं लिहिली असती तर आली असती. `r` चं एकक आहे दर दिवसाला, म्हणून `r*dt` हा नुसता आकडा उरतो. `s` चं एकक आहे दिवसाच्या वर्गमुळामागे. त्याला `dt` नं गुणलं तर दिवसाचं वर्गमूळ शिल्लक राहतं, आणि किडींच्या संख्येत ते मिळवता येत नाही. आता ती प्रोग्रामच्या माथ्यावर प्रत्येक चलाचं एकक टिप्पणीत लिहिते.

दुरुस्तीनंतर काय तपासायचं तेही ठरवलं. या समीकरणाचं बंद सूत्र उपलब्ध आहे, आणि शिकायला ते घेण्याचा मोठा फायदा हाच. ३० दिवसांनंतरच्या `N` चा लॉग प्रसामान्य वितरणाचा असतो. त्याची सरासरी `log(50) + (r - s*s/2)*30` आणि प्रमाण विचलन `s*sqrt(30)`, म्हणजे १.०९५. मध्यक येतो ५५१. दुरुस्त प्रोग्रामनं `dt` ०.१ ला ५४८ च्या आणि ०.०१ ला ५५१ च्या जवळपासचा मध्यक दिला, आणि लॉगचं विचलन दोन्ही वेळा १.०९ च्या आसपास. पंखा आता पाऊल बदलून मिटत नव्हता.

मध्यक ५५१ आणि सरासरी १,००४ ही तफावत तिला खटकली, आणि खटकायला हवीच. थोड्या बागांत कीड बेसुमार वाढते आणि त्या सरासरीला वर ओढतात. बहुतेक बागा सरासरीच्या खालीच राहतात. चुकीच्या प्रोग्राममध्ये मध्यक सरासरीला जाऊन चिकटला होता, हीदेखील एक खूण होती. हेलकावा `N` च्या प्रमाणात असेल, तर मध्यक सरासरीच्या बराच खाली राहिला पाहिजे.

याच्या उलट चूकही होते, आणि तिचं रूप निराळं दिसतं. `dt` चा गुणक विसरून नुसतं `s*N*Z` लिहिलं तर प्रत्येक पावलाला पूर्ण दिवसाचा धक्का बसतो. `dt` ०.०१ असताना असे ३,००० धक्के. यातून संख्या भडकेल असं वाटतं, पण घडतं उलटं: सगळ्या बागांतली कीड शून्याला जाते. गुणाकारी हेलकाव्यात वीस टक्के वर आणि मग वीस टक्के खाली गेलं की आपण मूळ जागी येत नाही, चार टक्के खाली उतरतो. ही घट प्रत्येक जोडीला साचत जाते आणि हजारो धक्क्यांत वाढदराला गिळून टाकते. सूत्राप्रमाणे सरासरी तिथेही १,००३ च असते, फक्त ती इतक्या विरळा बागांवर तोललेली असते की पाच हजारांत त्यांतली एकही सापडत नाही. काही उपाय न करता कीड नाहीशी झालेली दिसली तर आधी ही ओळ पाहावी.

पुढचा अडथळा तुलनेचा होता. पाऊल बारीक केल्यानं एकेका बागेचा मार्ग किती सुधारतो ते तिला पाहायचं होतं. तिनं दोन वेगळ्या पावलांनी प्रोग्राम चालवून पहिल्या बागेच्या दोन रेषा एकमेकींवर ठेवल्या. त्या मुळीच जुळेनात. जुळणार कशा, दोन्ही वेळा यादृच्छिक आकडे निराळे, म्हणजे हवामानच निराळं. सीड तोच ठेवूनही भागत नाही, कारण लहान पावलाला जास्त आकडे लागतात आणि त्यांची जागा बदलते. आधी बारीक धक्के एकदाच काढायचे आणि मोठ्या पावलासाठी त्यांचीच बेरीज करायची:

```python
B = 500                                    # बागा
dW = np.sqrt(0.01)*rng.standard_normal((3000, B))
dW10 = dW.reshape(300, 10, B).sum(axis=1)  # dt = 0.1
W_T = dW.sum(axis=0)
N_ach = N0*np.exp((r - s*s/2)*T + s*W_T)   # अचूक उत्तर
```

आता तिन्ही गणितं एकाच हवामानावर चालतात. `N_ach` शी तुलना केल्यावर एकेका बागेतली चूक `dt` ०.१ ला साधारण पाच टक्के आणि ०.०१ ला दीड टक्का येते. पाऊल दसपट लहान करूनही चूक तिपटीनंच घटते. साध्या ऑयलर पद्धतीची सवय असलेल्याला हे कमी वाटेल, पण या पद्धतीत मार्गाची अचूकता `dt` च्या वर्गमुळाच्याच वेगानं सुधारते. सरासरीसारख्या राशी मात्र `dt` च्या पूर्ण वेगानं सुधारतात. तिचा प्रश्न शक्यतेचा होता, एकेका बागेच्या मार्गाचा नव्हता, म्हणून `dt` ०.१ पुरेसा ठरला.

शक्यतेचं उत्तर आता बदललं. २,००० च्या वर जाण्याची शक्यता सुमारे १२ टक्के निघाली. चुकीच्या बारीक पावलानं ती शून्य सांगितली होती. खालच्या बाजूलाही तितकाच फरक पडला: जवळजवळ ४७ टक्के बागा महिन्यानंतरही ५०० च्या आत राहतात, आणि जुन्या निकालात अशी एकही नव्हती. फवारणीचा निर्णय ज्या दोन टोकांवर अवलंबून असतो तीच दोन टोकं चुकीच्या ओळीनं पुसली होती, आणि मधला सरासरीचा आकडा तसाच ठेवला होता.

निकाल मांडताना काही बंधनं तिनं स्पष्ट लिहिली. एक, ५,००० बागांतही सरासरी पक्की मिळत नाही. पसारा मोठा असल्यानं तिच्यात वीस-बावीसचा फेर नेहमीचा, म्हणून ९८९ आणि १,००४ मधला फरक या चाचणीत दिसण्याची अपेक्षा धरू नये. लॉगचं विचलन मात्र दुसऱ्या दशांशापर्यंत भरवशाचं असतं, म्हणून प्रोग्राम तपासायला तेच घ्यावं. दोन, हेलकावा तीव्र आणि पाऊल मोठं असेल तर ही पद्धत संख्या ऋण करू शकते. `s` ०.५ आणि `dt` एक दिवस ठेवला तर ३० दिवसांत सुमारे एक तृतीयांश बागा कधी ना कधी शून्याखाली जातात आणि लॉग घेताना `nan` दिसू लागतं. त्या बागा गुपचूप वगळू नयेत, पाऊल लहान करावं, `dt` ०.१ केला की हा त्रास व्यवहारात संपतो. तीन, वाढीला वरची मर्यादा या समीकरणात नाही. घड भरून गेल्यावर किंवा भुंगेरे वाढल्यावर कीड या वेगानं वाढत नाही, म्हणून ३० दिवसांपलीकडे हे गणित नेलं नाही.

तिनं वर्गातल्या एकाच्या सल्ल्यावरून एक सुधारणाही करून पाहिली होती. पावलाच्या सुरुवातीची आणि शेवटची `N` घेऊन दोन्हींची सरासरी वापरायची, जशी साध्या समीकरणांत दुसऱ्या कोटीच्या अचूकतेसाठी वापरतात. सरासरी १,००४ वरून १,८३० कडे गेली. हे गणित चुकलेलं नव्हतं, समीकरणच बदललं होतं. धक्क्याला पावलाच्या सुरुवातीच्या `N` नं गुणणं हा इटोचा अर्थ, दोन्ही टोकांच्या सरासरीनं गुणणं हा स्ट्रॅटोनोविचचा, आणि दुसऱ्या अर्थात सरासरी वाढदर `s*s/2` नं, म्हणजे ०.०२ नं वाढतो. तिचा `r` १,००४ ची सरासरी गृहीत धरून काढलेला होता, म्हणून धक्का सुरुवातीच्या `N` वरच ठेवला.

सध्या तिचं काम `s` वर अडलं आहे. वहीतला ०.५३ हा सगळाच बागेचा हेलकावा नाही, त्यात मोजणीतली चूकही मिसळलेली आहे. सालीखाली दडलेली कीड एका आठवड्यात दिसते, दुसऱ्या आठवड्यात सुटते. ती चूक पुढच्या वाढीत साचत नाही, पण समीकरणातला `s` मात्र साचतो, म्हणून दोन्ही एकत्र धरले तर पसारा आणि १२ टक्के दोन्ही फुगलेले निघतील. ती वेगळी काढण्यासाठी आता त्याच वेलींवर त्याच दिवशी दोन जण स्वतंत्रपणे मोजतात, एका नोंदीला वडील आणि दुसरीला भाऊ. या दोन नोंदींच्या लॉगमधल्या फरकाचा व्हेरिअन्स हा मोजणीच्या चुकीच्या व्हेरिअन्सच्या दुप्पट. लागोपाठच्या दोन आठवड्यांच्या गुणोत्तरातही दोन मोजण्या असतात, म्हणून तिथेही चूक दुपटीनंच शिरलेली असते. त्यामुळे तो फरकाचा व्हेरिअन्स ०.५३ च्या वर्गातून जसाच्या तसा वजा करायचा, आणि उरलेल्याच्या वर्गमुळाला पुन्हा सातच्या वर्गमुळानं भागायचं.